कथा वाचून सांगा: परदेशातला विद्यार्थी, मागून आणलेला शर्ट आणि रश्श्याचा डाग

सुमेधा_वाई

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी छोटी कथा लिहिली आहे, पाठवायच्या आधी तुमच्याकडून तपासून घ्यायची आहे. मी वाईला असते, शाळेत मराठी शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. परदेशी कधी गेलेले नाही. भाचा जर्मनीत आखेनला शिकतो, त्याच्याशी फोनवर बोलून बोलून हे सुचलं, कथाही आखेनमध्येच घडते. दोनच शंका आहेत. एक म्हणजे हे असं खरंच घडेल का, आणि दुसरं म्हणजे शेवट पटतो का. मोकळेपणाने सांगा, वाईट वाटणार नाही. कथा थोडक्यात देते.

रविवारी संध्याकाळी ओंकार खालच्या मजल्यावरून अभिजितदादाचा शर्ट घेऊन आला. पांढराशुभ्र, हँगरसकट. "थिसिसच्या प्रेझेंटेशनला घातला होता," अभिजितदादा म्हणाला, "सांभाळ हां." सोमवारी साडेनऊला पार्टटाइम कामाचा इंटरव्ह्यू. आईचा व्हिडिओ कॉल आला. "घालून दाखव की." फोन मसाल्याच्या बरणीला टेकवून ओंकारने शर्ट चढवला. मागे शेगडीवर मटकीचा रस्सा उकळत होता, घरच्या कांदा-लसूण मसाल्याचा. उतू जायला लागला म्हणून तो घाईने वळला, फडक्यातून हँडल निसटलं, आणि कट उजव्या कफवर आणि तिसऱ्या बटणाजवळ उडाला. आई म्हणत होती, "काय झालं रे? आवाज कसला?"

त्याने कॉल बंद केला. भांडी घासायचं लिक्विड ओतलं आणि चोळलं. पिवळा डाग बघता बघता लाल झाला, देवघरातला करंडा उपडा व्हावा तसा. तो चोळत राहिला. रात्री शर्ट हीटरवर वाळत घातला. सकाळी कफवर फिकट नारिंगी ढग उरला होता. सूर्य उगवला की उन्हात धरू असं ठरवून तो खिडकीपाशी बसला. ऊन आलंच नाही.

इंटरव्ह्यूत त्याने कोट काढला नाही, उजवा हात टेबलाखाली ठेवला. नोकरी मिळाली. पहिल्या पगारातून त्याने तसाच नवा शर्ट घेतला आणि अभिजितदादाला नेऊन दिला. "हा माझा नाही," अभिजितदादा हसून म्हणाला. "आता आहे," ओंकार म्हणाला.

पोटोबा

मटकीच्या रश्श्याचं वर्णन अजून दोन ओळी वाढवा ताई, इथे दुपारचे साडेबारा झालेत 😀 बाकी कथा आवडली.

केळकरकाका

छान. माझा मुलगा पण पुढच्या वर्षी जर्मनीला जातोय. तिथे असं पार्टटाइम काम शिकताना करता येतं का? किती तास? आणि इंटरव्ह्यू जर्मनमध्ये होतो की इंग्लिशमध्ये? कृपया मार्गदर्शन करावे.

ऱ्हाइनकाठी

काका, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं, वेर्कस्टुडेंट म्हणतात त्याला. भाषा कंपनीवर अवलंबून. पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे सुमेधाताईंनी कथेबद्दल विचारलंय.

आता कथेकडे. ताई, मी आखेनला तीन वर्षं काढली आहेत म्हणून सांगते. रविवारी जर्मनीत कपड्यांची दुकानं बंद असतात, स्टेशनवर बेकरी न् पुस्तकांचं दुकान तेवढं उघडं मिळेल, त्यामुळे नवा शर्ट आणता येत नाही हे बरोबर जमतंय. पण आखेनची एक गंमत आहे, शहराच्या कडेला लागूनच नेदरलँड्स सुरू होतं. फाल्स म्हणून गाव आहे, सिटी बस जाते, आणि डच लोकांची दुकानं रविवारीही उघडी असतात. आखेनमधला प्रत्येक विद्यार्थी रविवारी दूध-ब्रेड संपलं की फाल्सला पळतो. तेव्हा तुमचा ओंकार संध्याकाळी सहाला रस्सा सांडेल तर आखेनचे वाचक विचारणार की हा फाल्सला का नाही गेला, निदान डाग काढायचं काहीतरी तरी आणलं असतं. एकतर गाव बदला नाहीतर रस्सा रात्री नऊला सांडा.

सुमेधा_वाई

अगंबाई, हे भाच्याने सांगितलंच नाही मला. गाव बदलणार नाही, रात्री नऊला सांडते. महिना जानेवारी आहे, तो चालेल ना?

ऱ्हाइनकाठी

जानेवारी पक्का चालेल. साडेआठपर्यंत उजाडत नाही तिकडे, आणि उजाडलं तरी आभाळ राखाडीच. उन्हाची वाट बघणारा मुलगा हा तुमच्या कथेतला सगळ्यात खरा भाग आहे. मी रडले आहे त्या आभाळाकडे बघून, शर्टासाठी नाही पण असो.

आज्जीचा_बटवा

डाग राहायचं कारणच नव्हतं. लिंबू पिळायचं, वर मीठ चोळायचं आणि उन्हात टाकायचं, हळद साफ जाते. आमच्या घरी लग्नातल्या हळदीचे कपडे असेच साफ केलेत. लाल झाल्यावर लिंबू पिळलं की लाली लगेच जाते, स्वतः बघितलंय. मुलाला कुणीतरी हे शिकवायला हवं होतं.

रंगारी_इचल

मी इचलकरंजीचा, प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात सत्तावीस वर्षं झाली. या कथेत माझ्या कामाची गोष्ट आली म्हणून लिहितोय, एरवी वाचूनच जातो.

आज्जी, तुमचं ऊन बरोबर, लिंबू अर्धं. लिंबू पिळल्यावर लाली जाते म्हणजे डाग जात नाही, तो परत पिवळा होतो एवढंच. हळदीचा रंग आंबट आणि साध्या पाण्यात पिवळा, आणि खारात, म्हणजे चुना, सोडा, साबणात लाल. कुंकू करतात तेच की, हळद आणि चुना. शाळेत हळदीचा कागद करून साबणाचं पाणी लावलेलं आठवत असेल सगळ्यांना. पांढऱ्या कापडावर पिवळा लालापेक्षा कमी दिसतो म्हणून आपल्याला वाटतं डाग निघाला. तुमचे कपडे साफ केले ते उन्हाने. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, म्हणून तर कापड रंगवायला तो कच्चा रंग समजला जातो. आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात ओला पांढरा सुती कपडा दुपारभर टाकला की पिवळा उतरलेला दिसतो. मीठ काही करत नाही.

आता सुमेधाताई, तुमच्या कथेत एक चूक आहे आणि ती मधोमध आहे. भांडी घासायच्या लिक्विडने डाग असा लालभडक होणार नाही. त्या लिक्विडांत बहुतेक असा खार नसतो, हाताला लागू नये म्हणून सौम्य केलेली असतात. लाल होतो तो कपड्याच्या वडीने किंवा धुण्याच्या पावडरीने. उलट पहिल्यांदा लिक्विड लावणं हेच बरोबर आहे, कारण रश्श्याचा डाग हा आधी तेलाचा डाग असतो. हळद पाण्यात विरघळत नाही, तेलात उतरते, म्हणजे कटातच सगळा रंग असतो. तेल काढल्याशिवाय रंगाला हात घालता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलाने नकळत योग्य गोष्ट केली आणि तुम्ही त्याला शिक्षा दिली.

सुमेधा_वाई

दादा, तुम्ही तर माझा कणाच काढून घेतला कथेचा. तो डाग लाल होतो त्या क्षणासाठीच मी कथा लिहिली. मुलगा ज्याने डाग जाईल म्हणून धडपडतोय त्यानेच डाग भडकतो, हे मला हवं होतं. मग काय वापरू? हॉस्टेलमधल्या मुलाकडे धुण्याची वडी असते का हो तिकडे?

ऱ्हाइनकाठी

वडी नसते, मुलं तळघरातल्या मशीनमध्ये लिक्विड किंवा पावडर टाकून मोकळी होतात. पण थांबा, माझ्याकडे याहून मस्त आहे. गालझाइफं!

जर्मन घरांत डागासाठी हा खास साबण असतो, बैलाच्या पित्तापासून केलेला, हो खरंच बैलाचं पित्त. हिरवट-पिवळी वडी, ड्रगस्टोअरमध्ये एक-दोन युरोला मिळते. आमच्या शेजारच्या आजी कुठलाही डाग पडला की तेच पुढे करायच्या, इतक्या विश्वासाने की नाही म्हणता यायचं नाही. ओंकार जिन्यात शर्ट धरून उभा आहे, शेजारची आजी दार उघडते, आपली वडी देते, ओली करून चोळ म्हणते. आणि चोळल्यावर डाग लाल. कुणाचा दोष नाही, आजीने बिचारीने चांगल्यासाठीच दिलं.

रंगारीदादा, त्या वडीने लाल होईल ना?

रंगारी_इचल

वडीचा साबण म्हणजे खार आलाच, त्यामुळे होईल. मी ती वडी कधी हातात धरली नाही पण साबणाच्या पायावर केलेली असेल तर हळद लाल होणारच. आणि ऐका, पित्ताचं कामच तेल फोडायचं आहे, पोटात तेच करतं ते. म्हणजे ती वडी डागातलं तेल खरोखर काढत असेल. लाल दिसलं म्हणून मुलगा घाबरून मध्येच थांबला तर तोटा त्याचाच. लाल होणं म्हणजे बिघडणं नाही, धुवून साबण गेला की परत पिवळा होतो. ताई, तुमचा क्षण वाचला बघा.

नीरज_पुणे

मला एक कळत नाही, इंटरव्ह्यूचा शर्ट घालून रस्सा कोण करतं? आईने घालून दाखव म्हटलं ठीक आहे, पण दाखवून झाल्यावर काढायचा ना. कथेसाठी सांडवलाय असं वाटतं. हँडल निसटणं तर अगदीच सोयीचं.

प्राजक्ता_लीड्स

नीरजशी सहमत पण यावर उपाय आहे आणि तो कथेतच आहे. सुमेधाताई, मागून आणलेला शर्ट कधीच मापाचा नसतो. मी इथे लीड्समध्ये नोकरीसाठी मैत्रिणीचा ब्लेझर घालून गेले होते, बाह्या बोटांपर्यंत यायच्या, पूर्ण वेळ मी कोपर दुमडून बसले कारण हात सरळ केला की हात गायब व्हायचा. अभिजितदादा उंच असू द्या. ओंकारला बाही लांब. तो फोनवर आईला दाखवतोय, मागे रस्सा उतू जाऊ लागला, तो झाकण काढायला हात पुढे करतो आणि कफच पातेल्यात बुडतो. हँडल निसटायला नको, आपटायला नको. शर्ट दुसऱ्याचा आहे म्हणूनच डाग पडतो. आणि डाग एकाच जागी, उजव्या कफवर, म्हणजे हँडशेक करताना बरोबर समोरच्याच्या डोळ्यांसमोर.

नीरज_पुणे

हे पटलं. आता मान्य.

सुमेधा_वाई

प्राजक्ता, किती नेमकं सुचवलंस गं! मी दोन आठवडे त्या हँडलवर अडकले होते. बटणाजवळचा डाग काढून टाकते, कफ पुरे.

हिवाळा_डबलिन

कोट न काढण्यावर माझा आक्षेप. जानेवारीत बाहेरचा जाड कोट घालून कुणी इंटरव्ह्यूला बसू देत नाही, आत हीटिंग असतं, तुम्ही आत गेलात की समोरचा कोट टांगायला हात पुढे करतो. नाही म्हटलं तर विचित्र वाटतं आणि दहा मिनिटांत घाम सुटतो. मी डबलिनचं सांगतोय, जर्मनीत वेगळं नसावं.

डागाचं म्हणाल तर माझा अनुभव सॅनिटायझरचा. टायवर सांबार सांडलं होतं, कुणीतरी सांगितलं अल्कोहोलने हळद निघते म्हणून सॅनिटायझरची अख्खी बाटली ओतली. डाग फिका झाला पण वाटीएवढं पिवळं गोल कडं पडलं. तेव्हापासून माझा त्यावर विश्वास नाही.

रंगारी_इचल

अल्कोहोलने निघतो ते खरं आहे, हळद त्यात विरघळते. तुम्ही ओतलंत म्हणून कडं पडलं, विरघळलेला रंग कापडातच पसरत बाहेर गेला आणि काठाला जाऊन वाळला. डागाखाली कोरा टिश्यू ठेवायचा, वरून दुसऱ्या कापडाने थोडं थोडं टिपायचं, कडेकडून मध्ये यायचं, आणि खालचा टिश्यू पिवळा झाला की बदलायचा. टिश्यू पिवळा होतोय म्हणजे रंग शर्टातून निघतोय, हीच खूण. पिवळा व्हायचा थांबला की अल्कोहोलचं काम संपलं. जेल असेल तर त्यात घट्ट करायचं काहीतरी असतं, ते धुवून काढावं लागतं. आणि तुमचा टाय रेशमी असेल तर माझा सल्ला तुम्हाला लागू नाही, मी सुतातला माणूस.

ओंकारसाठी क्रम लावायचा तर असा लागेल. आधी वरचा मसाला चमच्याच्या कडेने उचलायचा, चोळायचा नाही. कफ उलटा करून मागच्या बाजूने गार पाण्याची धार, म्हणजे आत गेलेलं बाहेर ढकललं जातं. मग भांड्याचं लिक्विड लावून पाचदहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, पुन्हा एकदा. बोटाला चिकटपणा लागत नाही म्हणजे तेल गेलं. मग अल्कोहोल टिपायचं. शर्ट पांढरा असेल तर शेवटी औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, ते रंग तोडतं. निळा शर्ट असता तर मी आतल्या शिवणीवर आधी लावून बघ म्हटलं असतं. आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही, हीटर नाही. उरलेला डाग गरम झाला की पक्का बसतो. ताईंनी शर्ट हीटरवर घातला तिथे माझ्या पोटात गोळा आला.

ऱ्हाइनकाठी

रविवारी रात्री पेरॉक्साइड कुठून आणणार असं कुणी विचारायच्या आत सांगते. जर्मनीत रात्री आणि रविवारी आळीपाळीने एखादं औषधाचं दुकान इमर्जन्सीला उघडं असतं, दारावर बेल वाजवायची, छोट्या खिडकीतून देतात, वर २.५० युरो जास्तीचे. मी ताप आला म्हणून एकदा गेले होते. हळदीच्या डागासाठी रात्री दहाला बेल वाजवणं बरोबर आहे का, हे मला ठरवता येत नाही.

पोटोबा

फार्मसिस्ट खिडकीतून विचारणार, काय होतंय? ओंकार म्हणणार, मटकी.

आज्जीचा_बटवा

रंगारीदादा, तुमचं ऐकलं आणि आज दुपारी करून पाहिलं. जुन्या पंचावर हळदीचं तेल लावलं, अर्ध्यावर वडी चोळली. लाल. लिंबू पिळलं, पिवळं. पुन्हा वडी, पुन्हा लाल! चार वेळा केलं. इतकी वर्षं मी नातसुनांना लिंबू सांगत आले. उरलेला अर्धा भाग गच्चीवर उन्हात टाकलाय, संध्याकाळी बघते.

वसंत_मालेगाव

मी कथेच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. मला शेवट नाही पटला ताई. कारण मी तो अभिजितदादा आहे.

२०११ साली इंग्लंडला शिकत होतो. एका ज्युनियर मुलाने माझा शर्ट नेला होता, असाच एका मुलाखतीसाठी. आठ दिवसांनी धुवून, इस्त्री करून, घडी घालून परत दिला, सोबत चॉकलेटचा डबा. मी कपाटात ठेवून दिला. चार महिन्यांनी माझ्या स्वतःच्या मुलाखतीला काढला, बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात घातला आणि बसस्टॉपवर उजेडात आलो तेव्हा कॉलरच्या खाली दोन बोटं रुंद फिकट पिवळा डाग दिसला. परत जाऊन बदलायला वेळ नव्हता. मी गेलो तसाच. शर्टाचं मला काही नव्हतं हो, तीन पाउंडचा चॅरिटी शॉपमधला शर्ट. पण त्याला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं, आणि चार महिने आम्ही एकाच किचनमध्ये रोज चहा पित होतो. तो मुलगा अजून मित्र आहे, मी त्याला आजतागायत बोललेलो नाही.

म्हणून नवा शर्ट दिला की प्रश्न मिटला असं मला वाटत नाही. तुमचा ओंकार महिनाभर थांबून पहिल्या पगाराची वाट बघतोय. त्या महिन्यात अभिजितने शर्ट मागितला तर?

सुमेधा_वाई

वसंतराव, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मी ओंकारच्याच बाजूने विचार करत होते. अभिजित मला फक्त शर्ट देण्यापुरता आणि शर्ट घेण्यापुरता हवा होता, असं आता दिसतंय. तुम्हाला काय हवं होतं त्या मुलाकडून? कथेसाठी विचारत नाही, नुसतंच विचारते.

वसंत_मालेगाव

त्याच रात्री दार वाजवायला हवं होतं. मी चिडलो असतो. पण माझ्याकडे त्या दिवशी दुसरा शर्ट होता, निळा, तो दिला असता.

प्राजक्ता_लीड्स

हं.

नीरज_पुणे

मी असहमत. बावीस वर्षांचा मुलगा, घरापासून दूर, रात्री दहा वाजता सीनियरकडे जाऊन सांगेल? मी तरी नसतो गेलो. लपवणं हेच खरं आहे, आणि कथा खऱ्याची असावी, जसं व्हायला हवं त्याची नको. वसंतरावांचा ज्युनियर वाईट मुलगा नव्हता, तो घाबरलेला होता. मला तोच ओंकार जास्त ओळखीचा वाटतो.

ऱ्हाइनकाठी

नीरज, पण त्याच्याकडे जायला कारण आहे आता. नऊनंतर सगळं बंद, साबणाने डाग लाल झालाय, त्याला वाटतंय आपण शर्ट कायमचा घालवला. त्याला काहीच माहीत नाही की लाल परत पिवळा होतो. अशा वेळी माणूस खरं बोलायला जात नसेल कदाचित, पण मदत मागायला जातो.

हिवाळा_डबलिन

आणि नोकरी मिळाली की नाही ते सांगायची गरज आहे का? मला वाचताना नोकरीत रस उरलाच नव्हता, मी शर्टाकडेच बघत होतो.

आज्जीचा_बटवा

संध्याकाळ झाली. पंचा पाहिला. उन्हातला पिवळा खूप उतरलाय, तेल लावलं होतं तिथे कडेला थोडा आहे. दादा म्हणाले तेल आधी काढायचं, ते मी काढलं नव्हतं. उद्या परत टाकणार.

सुमेधा_वाई

मंडळी, दोन दिवस बसून पुन्हा लिहिलं. नीरज, तुमचं म्हणणं डोक्यात होतं म्हणून ओंकारला मी शहाणा केलेलं नाही. जिन्यात तो तीन वेळा थांबतो आणि एकदा वर परत जातो. इंटरव्ह्यू कथेत येतच नाही आता. शेवटचा भाग टाकते.

अभिजितदादाने दार उघडलं तेव्हा त्याच्या एका कानात इअरफोन होता. ओंकारने शर्ट पुढे केला, ओला, कफवर शेजारच्या आजींच्या वडीचा फेस अजून तसाच, आणि फेसाखाली तो लाल.

"हे काय आहे?"

"मटकी," ओंकार म्हणाला. "साबण लावला तर असं झालं."

अभिजितदादा काही बोलला नाही. त्याने दुसरा इअरफोन कानातून काढला, शर्ट हातातून घेतला, उजेडात धरला. "हा मी एकदाच घातला होता रे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. ओंकारला वाटलं आता दार लागेल. दार उघडंच राहिलं. अभिजितदादा आत वळला, बेसिनपाशी गेला, कफ उलटा करून नळाखाली धरला. फेस निघून गेला. दोघं बघत असताना लाल हळूहळू विरत गेला आणि खालून पिवळा वर आला, नुसता पिवळा, घरच्या रश्श्याचा.

"तेलकट लागतंय अजून," अभिजितदादा म्हणाला. "भांड्याचं लिक्विड आण. आणि उद्या घालणार काय आहेस?"

वसंत_मालेगाव

"हा मी एकदाच घातला होता रे." बस्स. हेच.

नीरज_पुणे

जिन्यात परत वर जातो ते ठेवल्याबद्दल आभार. अजूनही मला वाटतं निम्मे ओंकार खाली जाणारच नाहीत, पण हा गेला ते पटलं.

रंगारी_इचल

ताई, एकच. नळाचं पाणी गार की गरम ते लिहा. जानेवारीत माणूस सवयीने गरम सोडतो.

सुमेधा_वाई

गार. बोटं बधिर होतात असं टाकते.